धड्यातून आणि तपासलेल्या पेपरातून उजळणीची कार्डं: ‘गुरुत्वाकर्षण’ धड्यावर करून पाहू

दहावीची मुलं संध्याकाळी माझ्याकडे विज्ञान शिकायला येतात. पहिली चाचणी झाली की त्यांतली काही जण हौसेनं फ्लॅशकार्डं करून आणतात. एका मुलीनं आणलेल्या गठ्ठ्यातलं पहिलंच कार्ड मला अजून आठवतं. एका बाजूला रंगीत अक्षरांत ‘गुरुत्वाकर्षण’, आणि मागे पुस्तकातल्या अकरा ओळी जशाच्या तशा. तिनं दोन रविवार बसून असे साठेक कागद लिहिले होते. मेहनत खरी होती, पण ती कार्डं नव्हती, पुस्तकाचीच लहान कापलेली पानं होती. असं कार्ड काहीच विचारत नाही, त्यामुळे आपल्याला येतं की नाही हेही त्यावरून कळत नाही.

कार्ड म्हणजे एक प्रश्न आणि त्याचं एक छोटं उत्तर. माइंड मॅप म्हणजे धड्यातल्या गोष्टी एकमेकींशी कशा जोडल्या आहेत याचा एका पानावरचा नकाशा. दोन्हींची कामं वेगळी आहेत, आणि ती वेगळी ठेवली की सगळं सोपं होतं. खाली मी एकच धडा घेऊन सगळ्या पायऱ्या दाखवते: बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १ मधला पहिला धडा, ‘गुरुत्वाकर्षण’. तुमचा वर्ग किंवा बोर्ड वेगळं असलं तरी हा विषय बहुतेकांनी कधी ना कधी शिकलेला असतो, म्हणून उदाहरण म्हणून तो बरा पडतो.

सामान फार लागत नाही. ए-फोर आकाराचा एक कागद आठ सारख्या तुकड्यांत कापला की साधारण ७ बाय १० सेंटिमीटरची कार्डं मिळतात. कागद थोडा जाड घ्या, नाहीतर मागचं उत्तर पुढून दिसतं. नकाशासाठी कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर. कार्डं ठेवायला तीन डबे. चपलांचे रिकामे खोके असले तरी चालतात. रंगीत पेनं शेवटी.

आधी वाचन, मग पुस्तक बंद

धडा पहिल्यांदा वाचताना हातात पेन घेऊ नका. महत्त्वाचं काय हे अजून ठरलेलं नसतं, त्यामुळे पहिल्याच वाचनात कार्डं लिहायला बसलं की प्रत्येक ओळ महत्त्वाची वाटते आणि सगळं पुस्तक कार्डांवर उतरतं. एकदा सरळ वाचून काढा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक उपशीर्षकापाशी थांबून स्वतःला विचारा की हा भाग इथे का आलाय, याच्याशिवाय पुढचं काही अडेल का.

मग पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर दहा मिनिटं, आठवेल तेवढं लिहा. क्रम चुकला, शब्द चुकले, तरी हरकत नाही. मुलांना ही पायरी आवडत नाही, कारण कागद बराच रिकामा राहतो. पण कुठे रिकामा राहिला हेच आपल्याला पाहायचं असतं. माझ्याकडची मुलं या धड्यात केप्लर, न्यूटन, `F = Gm₁m₂/d²` आणि ९.८ एवढं बहुतेक वेळा लिहितात. केप्लरच्या नियमांवरून न्यूटन व्यस्त वर्गाच्या नियमाकडे कसा गेला, हा धड्यातला सगळ्यात सुंदर भाग, तो मात्र जवळपास सगळ्यांचा सुटतो.

बंद पुस्तकावर एवढा भर का, तर आठवण्याचा प्रयत्न केल्यानं लक्षात राहतं, नुसतं पुन्हा वाचल्यानं तेवढं राहत नाही. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना ‘हे मला येतं’ असं का वाटत राहतं, ते इथे समजतं: त्या घडीला ते खरोखरच येत असतं.

आराखडा आणि नकाशा

आता पुस्तक उघडा आणि वेगळ्या रंगाच्या पेनानं त्या कागदावर राहिलेलं भरा. हा दुसरा रंग सांभाळून ठेवा, कार्डं लिहिताना तो उपयोगी पडणार आहे. त्यानंतर सगळं नीट मांडून सहा-सात फांद्यांचा आराखडा करा. या धड्याचा माझा आराखडा असा होतो:

- वर्तुळाकार गती: अभिकेंद्री बल
- केप्लर: लंबवर्तुळ, समान क्षेत्रफळ, `T² ∝ r³`
- न्यूटन: `F = Gm₁m₂/d²`, G वैश्विक स्थिरांक
- पृथ्वीचा g: `g = GM/R²`, आकार, उंची, खोली यांनी बदलतो
- वस्तुमान आणि वजन: `W = mg`
- मुक्त पतन
- स्थितिज ऊर्जा आणि मुक्तिवेग

फांदीवर वाक्य लिहायचं नाही. दोन-तीन शब्द किंवा एक सूत्र, बस. एका फांदीवर पाचापेक्षा जास्त गोष्टी लटकायला लागल्या, तर ती फांदी दोन ठिकाणी तोडा.

आराखडा कागदाच्या मधोमध ‘गुरुत्वाकर्षण’ लिहून भोवती पसरवला की नकाशा तयार होतो, असं पुष्कळांना वाटतं. तेवढ्यानं ती फक्त गोल मांडलेली अनुक्रमणिका झाली. नकाशात खरं काम असतं ते फांद्यांच्या मधल्या बाणांचं, आणि प्रत्येक बाणावर ‘कसं’ किंवा ‘का’ लिहिलेलं असायला हवं. या धड्यात मी चार बाण काढायला लावते.

पहिला बाण केप्लरच्या तिसऱ्या नियमाकडून न्यूटनकडे जातो. वर्तुळाकार कक्षा मानली तर अभिकेंद्री बल `mv²/r`, आणि वेग म्हणजे `2πr/T`. हा वेग बलाच्या सूत्रात घातला की बल `4π²mr/T²` येतं. आता अंश आणि छेद दोन्हींना `r²` नं गुणा, म्हणजे `r³/T²` हा भाग वेगळा निघतो. केप्लर म्हणतो की तो स्थिर आहे. उरतं `1/r²`. म्हणून बाणावर एवढंच लिहायचं: ‘`r³/T²` स्थिर, म्हणून `F ∝ 1/r²`’.

दुसरा बाण न्यूटनकडून g कडे: F च्या सूत्रात एक वस्तुमान पृथ्वीचं घेतलं आणि वस्तूच्या m नं भागलं की g मिळतो. त्याच बाणावर लिहा, ‘m निघून जातो’. जड आणि हलकी वस्तू, हवेचा विरोध नसेल तर, सारख्याच वेळात खाली का येते, त्याचं उत्तर या तीन शब्दांत आहे. तिसरा बाण g कडून वजनाकडे आणि चौथा स्थितिज ऊर्जेकडून मुक्तिवेगाकडे. पाचवा-सहावा सुचला तर अवश्य काढा, पण बाणावर कारण लिहिता येत नसेल तर तो बाण खोडून टाका.

नकाशा पहिल्यांदा कच्चाच निघतो, फांद्या एकीकडे गर्दी करतात. दुसऱ्यांदा पेन्सिलीनं नीट काढा आणि मग हवं तर रंगवा. रंगाचा एकच नियम पाळा: सूत्रं एका रंगात, कारणं दुसऱ्या. नुसत्या सजावटीत एक संध्याकाळ घालवू नका, तेवढ्या वेळात वीस कार्डं होतात.

कोणतं कुठे जाणार

जोडणी नकाशात, तपशील कार्डावर. G ची किंमत, वजनाचं एकक, केप्लरचा दुसरा नियम: हे कार्डावर. g मुळे वजन बदलतं पण वस्तुमान नाही, हा संबंध नकाशात; आणि तो खरंच कळलाय का, हे विचारणारं एक कार्ड. लांब सिद्धता पूर्ण अशी कुठेच जात नाही, तिचं पुढे सांगते.

सगळ्याच तपशिलांचं कार्ड करायची गरज नसते. या धड्यात पृथ्वीपासून वेगवेगळ्या उंचीवर g किती असतो याचं एक कोष्टक आहे. मुलं त्याची पाच कार्डं करतात. कुणी पाठ करायला सांगितलंय ते? त्या कोष्टकातून मी एकच ओळ उचलते: ४०० किलोमीटर उंचीवर, अवकाशयानाच्या कक्षेत, g सुमारे ८.७ असतो. जमिनीवर ९.८, आणि तिथे ८.७. म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण जवळजवळ तेवढंच आहे. यावरचं कार्ड:

पुढे: कक्षेतल्या यानाजवळ g सुमारे ८.७ असतो, तरी अंतराळवीर तरंगतात. का?
मागे: यान आणि अंतराळवीर दोघंही एकाच त्वरणानं मुक्त पतनात असतात.

या एका कार्डात कोष्टकाचा अर्थही येतो आणि मुक्त पतनाची फांदीही. ‘अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं’ हा सगळ्यांच्या मनात बसलेला गैरसमजही त्यात उघडा पडतो.

कार्ड लिहिताना

एका कार्डावर एकच गोष्ट, हा नियम ऐकायला सोपा आहे आणि सगळ्यात जास्त मोडला जातो. ‘केप्लरचे तीन नियम सांगा’ हे कार्ड घ्या. मूल दोन नियम बरोबर सांगतं, तिसरा अडखळतं. आता हे कार्ड आलं म्हणायचं की नाही? सहसा ‘आलं’ म्हणून पुढे जातात, आणि न आलेला तिसरा नियम आलेल्या दोघांच्या मागे लपून राहतो. म्हणून तीन नियमांची तीन कार्डं करा, आणि शक्य तिथे नियमाचे शब्द विचारण्याऐवजी त्याचा उपयोग विचारा:

पुढे: ग्रह सूर्याच्या जवळ येतो तेव्हा त्याचा वेग वाढतो की कमी होतो? कोणत्या नियमामुळे?
मागे: वाढतो. सूर्य आणि ग्रह जोडणारी रेषा समान कालावधीत समान क्षेत्रफळ व्यापते.

पुढे: ग्रहाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर ४ पट केलं तर परिभ्रमणकाळ किती पट?
मागे: ८ पट. `4³ = 64`, आणि 64 चं वर्गमूळ 8.

दुसऱ्या कार्डात `T² ∝ r³` कुठेच विचारलेलं नाही, पण ते आठवल्याशिवाय उत्तर येणार नाही. नियम शब्दशः लिहायचा प्रश्न परीक्षेत येतो, म्हणून नियमाच्या वाक्याचंही एक कार्ड असू द्या. त्यात नेमका निसटणारा शब्द गाळा: ‘ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असून सूर्य त्या कक्षेच्या एका ____ असतो.’ इथे ‘नाभीवर’ हा शब्द निसटतो, मुलं ‘केंद्रावर’ लिहितात. ‘असून’ किंवा ‘त्या’ गाळून काही साधत नाही.

हो-नाही उत्तराची कार्डं टाळा. अर्धी तर अंदाजानंच बरोबर येतात. करायचंच असेल तर पुढे ‘का?’ जोडा. आणि जिथे दोन गोष्टींची गल्लत होते, तिथे दोघींना एकाच कार्डावर समोरासमोर आणा. G आणि g वेगवेगळ्या कार्डांवर असले की दोन्ही येतात. परीक्षेत एकत्र आले की गोंधळ. म्हणून: ‘चंद्रावर गेलो तर G आणि g यांतलं काय बदलेल?’ उत्तर: फक्त g, तो पृथ्वीवरच्या सुमारे एकषष्ठांश होतो. G सगळीकडे तोच.

उत्तर शक्यतो पंधरा शब्दांच्या आत ठेवा. ते त्यात मावत नसेल, तर प्रश्नच मोठा झालाय असं समजा.

मघाशी दुसऱ्या रंगानं भरलेला कागद आता समोर घ्या. पहिली कार्डं त्या रंगातल्या गोष्टींची करा, कारण त्या तुम्हाला आठवलेल्या नव्हत्या. जे सहज आठवलं होतं त्याची कार्डं थोडी पुरतात. या पद्धतीनं माझ्याकडच्या मुलांची या धड्याची कार्डं तीस-पस्तीसच्या आसपास होतात. साठ झाली, तर कुठेतरी पुस्तक उतरवणं सुरू झालंय.

तपासलेल्या पेपरातून

चाचणीचा पेपर परत मिळाला की गुण पाहून तो दप्तरात जातो. माझ्या मते चांगल्या कार्डांची ती सगळ्यात मोठी खाण आहे, कारण तुमची चूक तिथे तुमच्याच अक्षरात लिहिलेली असते.

धड्याच्या स्वाध्यायात एक प्रश्न आहे: वस्तुमान आणि वजन यांत फरक काय, आणि वस्तूचं पृथ्वीवरचं वस्तुमान व वजन मंगळावरही तेवढंच असेल का, का? तीन गुणांसाठी मुलं साधारण असं लिहितात:

‘वस्तुमान म्हणजे वस्तूमध्ये असलेले द्रव्य. वजन म्हणजे पृथ्वी वस्तूला खेचते ते बल. मंगळावर वस्तुमान तेवढेच राहील पण वजन कमी होईल कारण मंगळावर गुरुत्वाकर्षण कमी आहे.’

यात चूक एकही नाही, तरी पूर्ण गुण मिळत नाहीत. अशा वेळी उत्तराच्या शेजारी समासात तीन खुणा करा. जे लिहिलं आणि बरोबर आहे त्याला टिक. जे लिहिलं पण अर्धवट आहे त्याला अर्धा गोल. जे लिहिलंच नाही त्यासाठी एक ओळ मोकळी सोडा आणि पुस्तक पाहून ती भरा. या उत्तरात मोकळ्या ओळी अशा निघतात: वस्तुमान अदिश आणि वजन सदिश, एककं, किलोग्रॅम आणि न्यूटन, वजनाची दिशा पृथ्वीच्या केंद्राकडे. अर्धा गोल शेवटच्या कारणाला. ‘गुरुत्वाकर्षण कमी आहे’ म्हणजे नेमकं काय? g हा ग्रहाच्या वस्तुमानावर आणि त्रिज्येवर अवलंबून असतो, मंगळाची ही दोन्ही मूल्यं वेगळी आहेत, म्हणून तिथे g वेगळा. हे कारण उत्तरात नव्हतं.

टिक केलेल्या भागाची कार्डं करू नका. बाकीच्यांची ही पाच होतात:

वजनाचं SI एकक कोणतं आणि का? – न्यूटन, वजन हे बल आहे.

वस्तुमान आणि वजन यांत सदिश कोणतं? त्याची दिशा? – वजन, पृथ्वीच्या केंद्राकडे.

मंगळावर g वेगळा असण्याची दोन कारणं? – मंगळाचं वस्तुमान आणि त्रिज्या वेगळी; `g = GM/R²`.

१० किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूचं पृथ्वीवर आणि मंगळावर वजन किती? मंगळावर g ३.७ धरा. – ९८ न्यूटन आणि ३७ न्यूटन.

‘माझं वजन ५० किलो आहे’ हे वाक्य विज्ञानाच्या भाषेत चूक का? – किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आहे.

शेवटचं कार्ड मला फार आवडतं. वाण्याच्या दुकानात आणि दवाखान्यातल्या काट्यावर आपण रोज तेच म्हणतो, त्यामुळे पेपरात हात आपोआप तिकडे वळतो. सवयीनं होणारी चूक सुधारायची तर ती सवयच प्रश्नात आणावी लागते.

दुसरी एक चूक पेपरात वारंवार दिसते: ‘पृथ्वीच्या पोटात खोल गेल्यावर g वाढतो, कारण R कमी होतो.’ सूत्र माहीत असलेली, हुशार मुलं हे लिहितात. सूत्रात R खाली आहे, तो कमी झाला तर g वाढणार, असा त्यांचा हिशोब. पण आत गेल्यावर तुम्हाला खेचणारा पृथ्वीचा भागही कमी होतो, म्हणजे M सुद्धा घटतो, आणि पुस्तकात शिकवल्याप्रमाणे एकूण परिणाम g कमी होण्याकडे जातो. केंद्रापाशी तो शून्य. इथे ‘खोलीवर g कमी होतो’ एवढंच कार्ड केलं तर मूल ते पाठ करेल आणि पुढच्या पेपरात सूत्र आठवलं की पुन्हा चुकेल. म्हणून चुकीचा युक्तिवादच कार्डावर घ्या: ‘खाली गेलं की R कमी, म्हणून g वाढेल, असं एक जण म्हणतो. त्याचं काय सुटलं?’ मागे: ‘M सुद्धा कमी होतो.’ हाच नियम ध्रुव आणि विषुववृत्ताला लावा. ध्रुवांवर g ९.८३२ आणि विषुववृत्तावर ९.७८, कारण पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, तिथे R कमी आहे. इथे मात्र आपण पृष्ठभागावरच आहोत, पृथ्वी पूर्णच्या पूर्ण खाली आहे, म्हणून R कमी झाल्यानं g वाढतो. ही दोन कार्डं एकामागोमाग ठेवली की फरक स्वच्छ दिसतो.

सिद्धतेचं काय करायचं

मुक्तिवेगाची सिद्धता अख्खी कार्डाच्या मागे लिहिली तर ती कुणी आठवत नाही, नुसती डोळ्यांखालून घालतात. तिच्यात अडायच्या जागा तीनच आहेत. सुरुवात कशानं करायची? पृष्ठभागावरची गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा यांची बेरीज मांडून. त्यातली स्थितिज ऊर्जा `-GMm/R`, हे उणे चिन्ह विसरलं की पुढचं सगळं कोसळतं. दुसरी जागा: ही बेरीज कशाबरोबर? शून्याबरोबर, कारण अनंत अंतरावर वस्तू जेमतेम पोहोचून थांबते, तिथे दोन्ही ऊर्जा शून्य. तिसरी: `v² = 2GM/R` वरून `2gR` कसं? `GM = gR²` घालून. या तिघांची तीन कार्डं, आणि चौथं कार्ड फक्त एवढंच सांगणारं: ‘मुक्तिवेगाची सिद्धता कागदावर लिहा, नंतर पुस्तकाशी ताडून पाहा.’ हे चौथं आठवड्यातून एकदाच. किमतीची पडताळणीही त्याच कागदावर करून टाका: g ९.८ आणि R ६४०० किलोमीटर घेतलं तर मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर येतो. आकडा तिथे पोहोचला नाही, तर बहुतेक वेळा किलोमीटरचे मीटर करायचे राहिलेले असतात.

तीन डबे

कार्डांची डब्यांतली उजळणी ही जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांची १९७० च्या दशकातली युक्ती. त्यांचे कप्पे जास्त होते. शाळेच्या मुलांना तीन पुरतात. सगळी नवी कार्डं पहिल्या डब्यात, तो रोज. बरोबर आलेलं कार्ड दुसऱ्या डब्यात, तो दर तीन दिवसांनी. तिथेही बरोबर आलं तर तिसऱ्यात, तो आठवड्यानं. कुठल्याही डब्यात चुकलं तर कार्ड थेट पहिल्या डब्यात परत. दुसऱ्यात ठेवून सवलत द्यायची नाही.

कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्यानं बोला किंवा कागदाच्या कोपऱ्यात लिहा. मनातल्या मनात ‘हो, हो, माहितीये’ म्हणून उलटलं की प्रत्येक कार्ड बरोबरच येतं. सूत्र असेल तर लिहाच. बोलताना वर्ग आणि घन निसटतात. दर दोन-तीन दिवसांनी गठ्ठा पिसा, नाहीतर आधीच्या कार्डावरून पुढचं आठवायला लागतं. रोज नवी दहा कार्डं पुरेत. एकाच दिवशी पस्तीस घातली तर चौथ्या दिवशी पहिला डबा इतका फुगतो की मूल तो उघडतच नाही.

कार्ड बिघडलंय हे वापरताना कळतं. सलग चार वेळा चुकणारं कार्ड पुन्हा पुन्हा रेटू नका, ते बहुधा मोठं आहे. दोन तुकडे करा, किंवा त्याची फांदी नकाशात नीट जोडली आहे का ते पाहा. उलटं दुखणंही असतं: उत्तर अर्ध्या सेकंदात येतं, पण तोच प्रश्न मी वेगळ्या शब्दांत विचारला की मूल गप्प. म्हणजे त्यानं कार्डाचा चेहरा पाठ केलाय, शाईचा डाग किंवा प्रश्नाचा पहिला शब्द पाहून उत्तर येतंय. असं कार्ड फाडून दुसऱ्या बाजूनं नवीन लिहा. ‘वजनाचं एकक?’ ऐवजी ‘९८ न्यूटन ही कोणती राशी असू शकते, वस्तुमान की वजन?’

फोनवर करायचं असेल तर Anki हे ॲप हेच काम करतं, फक्त किती दिवसांनी विचारायचं ते स्वतः ठरवतं. कार्डं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एका ओळीत एक, प्रश्न आणि उत्तराच्या मध्ये अर्धविराम घालून लिहिली की संगणकावर ती एकदम आत घेता येतात:

```
वजनाचे SI एकक कोणते आणि का?;न्यूटन, कारण वजन हे बल आहे
चंद्रावर G आणि g पैकी काय बदलते?;फक्त g, सुमारे एकषष्ठांश होतो
```

फाइल UTF-8 मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. मजकुरात दुसरा अर्धविराम येऊ देऊ नका, उत्तर तिथेच तुटतं. मात्र दुसऱ्या कुणी केलेला तयार संच उतरवून घेऊ नका. या धड्यात तुमचं काय सुटलं होतं, ते त्याला माहीत नसतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवी कार्डं बंद करा. पहिला डबा रोज, बाकीचे दोन एकेकदा. आणि आदल्या दिवशी पुन्हा एक कोरा कागद घ्या, पुस्तक आणि डबे बाजूला ठेवा, आणि मधोमध ‘गुरुत्वाकर्षण’ लिहून नकाशा आठवणीतून काढा, चारही बाण त्यांच्या कारणांसकट. साधारण दहा मिनिटं लागतात. मग पहिल्या दिवशीचा दोन रंगांचा कागद शेजारी ठेवून ताडून पाहा. जी फांदी दोन्ही कागदांवर रिकामी राहिली असेल, तिची कार्डं डब्यातून वेगळी काढून रात्री झोपण्याआधी तेवढीच करा.